आकडा कबूल केला, पैसे आले नाहीत: जीर्णोद्धार समितीने पत्र कसं लिहावं

*ताई, नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावच्या ग्रामदेवीच्या जीर्णोद्धार समितीचा खजिनदार आहे. दोन वर्षांपूर्वी गणपतीत सभा झाली, तेव्हा लोकांनी उत्साहाने आकडे सांगितले. एकूण ४१ लाख रुपये कबूल झाले, आजवर साडेएकोणतीस लाख आले. ५७ घरांकडून साडेअकरा लाख यायचे आहेत. त्यात बहुतेक मुंबईकर. गाभारा झाला, सभामंडपाचे खांब उभे राहिले, पण स्लॅबला ७ लाख लागतात आणि खात्यात दीड लाख उरलेत. ठेकेदाराला पैसे फेब्रुवारीअखेर हवेत. व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनतीनदा टाकलं, लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली, पैसे कोणी पाठवले नाहीत. आता समितीतले काही जण म्हणतात, शिमग्याच्या सभेत नावं वाचून दाखवा. काही म्हणतात, ज्यांनी दिले नाहीत त्यांच्या घरी पालखी नेऊ नका. मला कुणाला दुखवायचं नाही, पण काम थांबलेलंही बघवत नाही. कोर्टात जाता येतं का? आणि पत्र लिहायचं तर त्यात काय लिहू?*

नमस्कार.

पालखीचं आधी बोलते, कारण बाकी सगळं चुकलं तरी दुरुस्त करता येईल, ते करता येणार नाही. एखाद्या घराला गावच्या धार्मिक रूढीपासून किंवा सोहळ्यापासून अडवणं हा महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार ठरतो. त्यासाठी २०१६चा स्वतंत्र कायदा आहे, तो जुलै २०१७पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. बहिष्कार ठरवण्यासाठी माणसं जमवायलाही तो मनाई करतो, म्हणजे हा विषय समितीच्या सभेत चर्चेला घेणंही धोक्याचं. तुमच्या इतिवृत्तात ‘पालखी न नेण्याबाबत’ असा ठराव लिहिला गेला, तर समितीने स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्या हाताने तयार केला असं होईल. कायदा नसता तरी माझं मत हेच राहिलं असतं. देवी घरी येते ती त्या घराच्या पिढ्यान् पिढ्यांच्या मानाने, पावती फाडली म्हणून नव्हे.

सभेत नावं वाचणंही नको. त्याचं कारण तुमच्या वहीतच सापडेल. ५७ घरांची जी यादी आहे, ती ‘ज्यांनी दिले नाहीत’ अशी यादी नाही. ती ‘ज्यांचे पैसे आपल्या वहीत जमा दिसत नाहीत’ अशी यादी आहे. या दोन याद्या कधीच जुळत नाहीत. ज्याने पैसे भरलेत त्याचं नाव एकदा जरी थकबाकीत वाचलं गेलं, तर तो माणूस पुढची वीस वर्षं ते सांगत राहील आणि तोवर उरलेल्या छप्पन्न जणांना न देण्याचं कारण मिळेल.

म्हणून एकही पत्र लिहिण्याआधी बसून ताळा जुळवा. सभेतली आकड्यांची मूळ यादी, पावती पुस्तकांच्या सगळ्या स्थळप्रती आणि बँकेचं दोन वर्षांचं खातेपत्रक समोर घ्या. खातेपत्रकात नुसता मोबाईल क्रमांक किंवा मुलाचं, सुनेचं नाव असलेल्या यूपीआयच्या नोंदी असतील. वडिलांनी आकडा कबूल केला आणि पैसे सुनेच्या फोनवरून आले, की वहीत ते ‘इतर देणगी’ होऊन बसतात. मग मुंबई मंडळाच्या खजिनदारांना भेटा. बऱ्याच जणांनी आपली रक्कम मंडळाच्या मासिक सभेत रोख दिलेली असते आणि ती मंडळाच्या पेटीत पडून असते. कोणी खाल्लेली नसते, फक्त गावाकडे वर्ग करायची राहून गेलेली असते. त्याच घराच्या दोन नोंदीही शोधा. थोरल्याने ‘आमच्या घराचे पन्नास हजार’ म्हटलं आणि धाकट्याने मुंबईत स्वतःचे पंचवीस सांगितले, तर ते पंचवीस त्या पन्नासातलेच होते की वेगळे, हे त्या दोघांखेरीज कोणालाच ठाऊक नसतं. सभेच्या भरात एकाने दुसऱ्याच्या वतीने सांगितलेले आकडेही असतात, ‘आमच्या भावोजींचे दहा धरा’ असे. भावोजींना त्याची खबर नसते.

तुमचेच आकडे घेऊन बघू. समजा, सहा घरांचे १ लाख ८० हजार मुंबई मंडळाकडे किंवा बिननावाच्या नोंदींत सापडले. चार घरांची नोंद दुबार निघाली, तिचे ७० हजार वजा झाले. मग खरी येणी ४७ घरांकडे ९ लाखांची उरली. मंडळाकडचे किती आणि आधीच खात्यात आलेले किती, हे वेगळं मांडा. खात्यातले आधीच दीड लाखात धरलेले आहेत, ते पुन्हा मोजू नका. आणि आता हे लक्षात घ्या की स्लॅबला तुम्हाला नऊ लाख लागतच नाहीत. साडेपाच लाख लागतात, त्यातही मंडळाकडून जे येईल ते वजा होईल. ‘साडेअकरा लाख थकलेत’ या वाक्याने माणूस हताश होतो, माझ्या पंधरा हजारांनी काय होणार असं त्याला वाटतं. ‘साडेपाच लाखांत स्लॅब पडतो’ या वाक्यात त्याचे पंधरा हजार कुठे जाणार ते दिसतं.

कोर्टाचं विचारलंत, ते सविस्तर सांगते, कारण पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला तिथेच सापडतं. नुसतं ‘देईन’ म्हणणं, ज्याच्या बदल्यात काही मिळायचं नाही, ते आपल्या करार कायद्यात सहसा बंधनकारक नसतं. याच प्रश्नावर दोन जुने निकाल आहेत. आग्ऱ्यातल्या एका मशिदीच्या दुरुस्तीसाठी एकाने ५०० रुपये कबूल केले आणि दिले नाहीत. १९१४ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने सांगितलं की वसूल करता येणार नाहीत, कारण त्या शब्दावर विसंबून दुरुस्तीचं काहीच काम झालेलं नव्हतं. त्याआधी १८८६ साली कलकत्ता उच्च न्यायालयात हावड्याच्या टाऊन हॉलचं प्रकरण आलं होतं. वर्गणीची यादी वाढत गेली तसा इमारतीचा आराखडाही वाढला, २६,००० रुपयांचा अंदाज ४०,०००वर गेला आणि नगरपालिकेच्या आयुक्तांनी ठेकेदाराशी करार करून टाकला. १०० रुपये कबूल केलेल्या एका गृहस्थांनी ते दिले नाहीत. न्यायालयाने ते त्यांच्याकडून वसूल करून दिले, कारण वर्गणी कशासाठी आहे हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांच्यासारख्यांच्या शब्दावरच इमारतीची जबाबदारी अंगावर घेतली गेली होती.

तुमचं प्रकरण हावड्याच्या जवळचं आहे. आकडे जमल्यावर तुम्ही ठेका दिलात, खांब उभे आहेत. तरीही दावा लावू नका. आकडा सभेत तोंडी सांगितलेला, यादीवर सही नाही, त्यातून मुदतीचा प्रश्न: करारावरच्या वसुलीला साधारण तीन वर्षांत जावं लागतं. पंधरा हजारांसाठी वकील, तारखा आणि भावकीतल्या साक्षी काढल्यात, तर पुढचा जीर्णोद्धार कोणी हाती घेणार नाही. वकिलाची नोटीससुद्धा नको. पण त्या न्यायाधीशांनी ज्या गोष्टीला वजन दिलं, ती गोष्ट साध्या माणसालाही पटते: तुमच्या शब्दावर आम्ही पाऊल टाकलं, आता मागे फिरता येत नाही. पत्राचा ठामपणा यातून यायला हवा. आवाज चढवून तो येत नाही.

समित्यांची स्मरणपत्रं निष्फळ का जातात, तर ती नव्या आवाहनासारखी लिहिलेली असतात. वर देवीचा श्लोक, मग गावाची परंपरा, मग ‘सर्व दानशूर ग्रामस्थांनी सढळ हस्ते सहकार्य करावे’. ज्याने २५ हजार कबूल केलेत तो ते वाचतो आणि त्याला वाटतं, हे सगळ्यांना पाठवलंय. त्याचं नाव नाही, आकडा नाही, तारीख नाही. माझ्या मते पत्र एका पानाचं असावं आणि साधारण असं:

*श्री. … यांस सप्रेम नमस्कार.*

*दोन वर्षांपूर्वी गणपतीतल्या सभेत आपण देवीच्या जीर्णोद्धारासाठी २५,००० रुपये कबूल केले होते. त्यातले १०,००० रुपये आपल्याकडून मिळाले, त्याची पावती आपल्याला दिली आहे. १५,००० रुपये येणे आहेत.*

*आपण आणि इतर ग्रामस्थांनी दिलेल्या शब्दावर समितीने सभामंडपाचा ठेका दिला. गाभारा पूर्ण झाला, मंडपाचे खांब उभे आहेत. आता स्लॅबसाठी ७ लाख रुपये लागतात, खात्यात दीड लाख आहेत. पावसाआधी स्लॅब पडला नाही, तर खांबांवर आलेल्या सळ्या पावसाळाभर उघड्या राहतील.*

*आपली राहिलेली रक्कम २० फेब्रुवारीपर्यंत समितीच्या बँक खात्यात जमा करावी, ही विनंती. एकदम जमत नसेल तर निम्मी आता आणि निम्मी मेअखेर द्यावी, फक्त तसं कळवावं. परिस्थिती बदलल्यामुळे आकडा कमी करायचा असेल किंवा देणं शक्य नसेल, तर तेही मोकळेपणाने सांगावं. आम्ही तशी नोंद करू आणि पुन्हा विचारणार नाही.*

*आमच्या नोंदीत चूक असेल, तर पावतीचा किंवा भरणा केल्याचा फोटो पाठवावा, लगेच दुरुस्त करू. जमाखर्चाचा कागद सोबत जोडला आहे. २० तारखेनंतर मी आपल्याला फोन करीन.*

*आपला, (खजिनदार)*

‘आपण विसरला असाल’ हे वाक्य मी मुद्दाम घातलेलं नाही. बहुतेक जण विसरलेले नसतात आणि आपण त्यांना सांभाळून घेतोय हे त्यांना कळतं. देवीच्या कृपेचा किंवा कोपाचा उल्लेख नाही, कारण त्याने देणारा घाबरतो किंवा चिडतो, देत मात्र नाही. आकडा कमी करायची वाट तुमच्या समितीला पटणार नाही याची मला कल्पना आहे. ‘मग सगळेच कमी करतील’ असं कोणीतरी म्हणेल. तरी ते वाक्य काढू नका. ज्याची दोन वर्षांत नोकरी गेली, घरात आजारपण आलं, तो लाजेपोटी फोन उचलत नाही आणि काहीच देत नाही. त्याला पंचविसाचे पाच करायची मुभा मिळाली, की ते पाच येतात आणि तो शिमग्याला मान वर करून गावात येतो. आणि ज्याची ऐपत आहे, त्याला ‘मला जमत नाही’ असं स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं. ते सांगणं पैसे देण्यापेक्षा जड जातं.

पत्र कुठेही ग्रुपवर टाकू नका. लिफाफ्यात घालून घरच्या पत्त्यावर पाठवा, किंवा ज्याच्या त्याच्या वैयक्तिक क्रमांकावर. पाकिटावर ‘थकबाकी’ असलं काही नको, चाळीत टपाल शेजारी घेतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, पगार झाल्यावर पोचेल असं बघा, म्हणजे फेब्रुवारीचा पगारही मुदतीच्या आत येतो. गणपतीनंतर किंवा मे महिन्यात असं पत्र पाठवून उपयोग नसतो, तेव्हा प्रवास, शाळा आणि लग्नं यांत हात रिकामे झालेले असतात.

ठेकेदार फेब्रुवारी का म्हणतो, हे तुम्हाला फोनवर सांगता आलं पाहिजे, कारण ‘एवढी घाई कशाला’ हा प्रश्न हमखास येतो. सेंटरिंग बांधायला, सळई आणायला आणि बांधायला मार्च जातो. स्लॅब एप्रिलमध्ये पडला, तर त्याला पाणी मारायला दिवस मिळतात. सभामंडपाचा गाळा साडेचार मीटरपेक्षा मोठा असेल, तर खालचे टेकू किमान १४ दिवस काढायचे नसतात. त्यानंतर गिलावा आणि वरून पाण्याचा बंदोबस्त, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे पाऊस येऊन ठेपतो. फेब्रुवारी चुकला की थेट दिवाळीनंतर, आणि तोवर सिमेंट, मजुरी सगळ्याचेच दर बदललेले असणार.

फोन कोणी करायचा, यावर पत्राइतकंच अवलंबून आहे. तुम्ही पत्रात ‘मी फोन करीन’ लिहिलंत तर पहिला फोन तुम्हीच करा. पण नंतर ज्या वाडीतलं घर, त्या वाडीतला, शक्यतो वयाने बरोबरीचा किंवा मोठा माणूस बोलू द्या. पंचविशीतल्या मुलाने साठीच्या आबांना ‘तुमचे पंधरा हजार बाकी आहेत’ म्हणणं बरं दिसत नाही. आणि बोलणारा स्वतः पूर्ण रक्कम भरलेला असावा. समितीतल्या कोणाचा आकडा बाकी असेल, तर पत्रं टपालात पडण्याआधी तो पूर्ण होऊ द्या. मुंबईकर हे सगळ्यात आधी विचारतात, आणि विचारायचा त्यांना हक्क आहे.

फोनवर काही जण तारीख देतील, काही आकडा कमी करतील, ते लिहून घ्या आणि तसं दोन ओळींत त्यांना परत पाठवा. वेळ द्यायचा तो तिसऱ्या प्रकारच्या माणसाला, जो म्हणतो, ‘पैसे आहेत, पण देणार नाही.’ त्याच्यावर रागावू नका. त्याच्या मनात सहसा ठोस काहीतरी असतं. सभेत कौलारू मंडप ठरला होता, मग स्लॅब कोणी ठरवला? अंदाजपत्रक वाढलं ते कोणाला विचारून? ठेकेदार कोणाच्या नात्यातला? चिरे कोणत्या भावाने आले? या प्रश्नांना उत्तर म्हणजे तो जमाखर्चाचा एक पानाचा कागद. किती आले, कोणत्या कामाला किती गेले, शिल्लक किती, ठेकेदाराचं किती देणं. शिवाय बिलांची फाईल कोणत्या दिवशी, कोणाच्या घरी बघायला मिळेल, हेही. दर कोटेशनवरून ठरवला असेल तर तिन्ही कोटेशनं फाईलमध्ये ठेवा. ठरवला नसेल तर तसं खरं सांगा आणि पुढच्या कामाला मागवा. मला वाटतं, तुमच्या ४७ घरांत अशी घरं थोडी असतील, पण त्यांचे आकडे मोठे असतील, आणि त्यांच्याकडे बघून गप्प बसलेली इतर घरंही असतील.

ज्यांनी शब्द दिला आणि मधल्या काळात जे गेले, त्यांच्या घरी पत्र पाठवू नका. समक्ष जाऊन भेटा आणि मुलांना फक्त एवढं सांगा की वडिलांनी असा आकडा सांगितला होता, तुमची इच्छा असेल तर त्यांच्या नावाने पावती करू, नसेल तर काही हरकत नाही. मुलांवर ते देणं नाही.

देणगीदारांचा संगमरवरी फलक लावायचा असेल, तर त्याचा नियम आत्ताच, सगळ्यांसाठी एकच ठरवा: अमुक तारखेपर्यंत प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम लिहिली जाईल, कबूल केलेली नाही. हे पत्रात लिहू नका, तिथे ते धमकीसारखं वाचलं जाईल. समितीच्या सर्वसाधारण सूचनेत टाका. आणि करसवलतीचं आश्वासन कोणालाही देऊ नका, ट्रस्टकडे ८०जीची नोंदणी नसेल तर देणगीदाराला ती मिळत नाही, आणि केवळ धार्मिक ट्रस्टला ती सहसा नसतेच.

हे सगळं करूनही २० फेब्रुवारीला पूर्ण साडेपाच लाख येणार नाहीत, असं धरून चाला. चार आले तर? तेव्हा समितीत कोणीतरी म्हणेल, पतपेढीतून कर्ज काढू. ट्रस्ट नोंदणीकृत असेल तर विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ट्रस्टच्या नावाने कर्ज घेता येत नाही, आणि ती परवानगी फेब्रुवारी ते मार्चच्या मधे हातात पडेल यावर विसंबू नका. त्यापेक्षा ठेकेदाराशी आत्ताच, जानेवारीतच बोलून ठेवा की बिलाचे दोन भाग करता येतील का: सळई, सिमेंट आणि सेंटरिंगचे आधी, मजुरीचा शेवटचा हप्ता मेअखेरच्या दुसऱ्या निम्म्या रकमांतून. तो कबूल झाला तर ते लेखी घ्या. नाही झाला तर मंडपाचा अर्धाच स्लॅब टाकायचा विचार मनात येईल, तो आधी इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका, कारण सांधा कुठे घ्यायचा हे बीम बघून ठरतं.

शिमग्याच्या सभेत नावं न वाचता एकच आकडा वाचा: पत्रं गेल्यापासून किती घरांनी किती रक्कम भरली आणि स्लॅबला अजून किती कमी आहे. ज्यांनी भरले त्यांचीही नावं तिथे घेऊ नका, नाहीतर न घेतलेली नावं आपोआप वाचली जातील. पावती पुस्तक मात्र सोबत ठेवा.